परत आलेल्याचं काय करायचं?

चिंपांझींची टोळी म्हणजे कायम एकत्र हिंडणारा घोळका, असा माझा बरीच वर्षं समज होता. प्रत्यक्षात त्यांच्या समाजातले सगळेजण एका वेळी एका ठिकाणी जवळजवळ कधीच नसतात. पन्नास-साठ जणांचा समाज असला तर कुठे तिघं उंबरावर, कुठे एक आई आणि तिची पोरं ओढ्याकाठी, कुठे पाच नर हद्दीवर गस्तीला. सकाळी वेगळे झालेले दुपारी भेटतात, संध्याकाळी पुन्हा पांगतात, काही जणांची गाठ आठवडाभरही पडत नाही. म्हणजे दिवसातून अनेकदा, झाडी बाजूला सारून कुणीतरी समोर येतं आणि दोघांनाही एक प्रश्न पडतो: हा गेला तेव्हा आमच्यात जे ठरलेलं होतं, ते अजून तसंच आहे का?

अभिवादनाबद्दल मी जे काही वाचलं, पाहिलं, त्यातून मला वाटायला लागलंय की आपल्या ‘काय, कसं काय’चं मूळ आनंदात नसून या प्रश्नात आहे. आनंद असतो, नाही असं नाही. जेन गुडाल यांनी 1960 पासून टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात चिंपांझींचा अभ्यास केला, तेव्हा भेटल्यावर मिठी मारणारे, चुंबन घेणारे, हात पुढे करणारे चिंपांझी त्यांनी पाहिले, आणि ती दृश्यं जगभर गाजली. पण त्याच भेटींत एक आवाज असतो, जो छायाचित्रात येत नाही आणि जो मला मिठीपेक्षा जास्त बोलका वाटतो.

धाप लागल्यावर येतात तसे छोटे छोटे श्वास आणि प्रत्येक श्वासासोबत घशातून एक हुंकार: हं-हं-हं-हं. इंग्रजीत अभ्यासक त्याला ‘पँट-ग्रंट’ म्हणतात; मी इथे धापेचा हुंकार म्हणतो. तो काढणारा अनेकदा अंग चोरतो, वाकतो, वरखाली डोलतो, कधी पाठ फिरवून ढुंगण पुढे करतो. आणि या हुंकाराची गंमत अशी की तो एकाच दिशेने जातो, खालून वर. कनिष्ठ वरिष्ठाला देतो, वरिष्ठ कनिष्ठाला देत नाही. हा नियम इतका पक्का आहे की एखाद्या टोळीत कुणाचा क्रम कुठे हे ठरवायला संशोधक मारामाऱ्यांची नोंद ठेवण्याऐवजी हुंकारांची वही ठेवतात. कोण कुणाला ‘हं-हं’ म्हणालं ते लिहून काढलं की उतरंड आपोआप उभी राहते.

हे कळलं तेव्हा मी जरा हिरमुसलो. म्हणजे हा नमस्कार नव्हे, मुजरा झाला. पण मग नेदरलँड्समधल्या आर्नेम प्राणिसंग्रहालयातली 1976 सालची हकीकत वाचली, आणि मुजऱ्याबद्दलचं माझं मत पार बदललं.

आर्नेमला चिंपांझींची एक मोठी वसाहत एका मोकळ्या बेटासारख्या आवारात ठेवली होती. येरुन हा म्होरक्या. टोळीतले बहुतेक सगळे हुंकार त्याच्याकडे जायचे. लाउट नावाचा दुसरा दणकट नर होता, तोही येरुनला हुंकार द्यायचा. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक फ्रान्स द वाल तेव्हा तरुण होते आणि रोज तासन्‌तास बसून नोंदी घेत होते. त्या उन्हाळ्यात लाउटने येरुनला हुंकार देणं थांबवलं. येरुन समोरून यायचा, लाउट बघायचा आणि गप्प राहायचा. मग केस फुलवून, आरडाओरडा करत लाउट त्याच्याभोवती धावायला लागला. येरुन किंचाळायचा, माद्यांकडे धाव घ्यायचा, मदत मागायचा. झटापटी झाल्या, माद्यांना बाजू बदलायला लावण्याचं राजकारण झालं, आणि दोन महिन्यांहून जास्त काळ हे चाललं.

या काळात दोघे एकमेकांना हुंकार देत नव्हते. वर कोण आणि खाली कोण हेच ठरत नव्हतं, मग हुंकार द्यायचा कुणी? शेवटी एके दिवशी येरुनने लाउटला हुंकार दिला. आणि त्याबरोबर ताण उतरला. दोघे जवळ बसू लागले, एकमेकांच्या केसांतून बोटं फिरवू लागले. द वाल यांनी नंतरच्या सत्तापालटांतही हेच पाहिलं: जिंकू पाहणारा नर हरणाऱ्याशी समेट करायला तयार नसतो, हात पुढे केला तरी पाठ फिरवतो, पण एकदा का समोरून तो आदराचा हुंकार आला की लगेच मोकळा होतो.

म्हणजे हुंकार हा नुसता मुजरा नाही. ‘आपल्यातला वाद मिटलेला आहे, तो मी आता उकरून काढणार नाही,’ असं त्यात कनिष्ठ सांगतो. त्यातून दोघांनाही काहीतरी मिळतं. वरिष्ठाला पुन्हा शक्ती सिद्ध करावी लागत नाही, कनिष्ठाला मार खावा लागत नाही, आणि दोघेही त्याच झाडावर फळं खायला मोकळे. चार दिवसांनी भेटलेल्या चिंपांझीला हे सांगणं का गरजेचं आहे हेही मग उलगडतं. चार दिवसांत काहीही घडलेलं असू शकतं: तो नव्या मित्राबरोबर हिंडला असेल, त्याची हिंमत वाढली असेल, समोरचा जखमी झाला असेल. जुना करार शिळा झालेला असतो आणि तो ताजा करायला लागतो.

याच हुंकाराचा एक बारकावा युगांडातल्या बुडोंगो जंगलात सापडला. तिथल्या सोन्सो टोळीतल्या माद्यांच्या अभिवादनांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. माद्या वरच्या क्रमांकाच्यांना हुंकार देत होत्या हे अपेक्षितच होतं. पण आसपास टोळीचा म्होरक्या किंवा सर्वांत वरची मादी असली, तर त्याच माद्या इतरांना हुंकार द्यायला कचरत. समोरचा तोच, क्रम तोच, पण पाहणारा कोण आहे यावर तोंड उघडायचं की नाही हे ठरत होतं. साहेब खोलीत असताना त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला वाकून नमस्कार करायला आपण बिचकतो, तसंच काहीसं. हा आवाज शिंकेसारखा आपोआप बाहेर पडत असता तर असं झालं नसतं. त्यात थोडा तरी हिशेब आहे.

आता जरा दूरच्या नातेवाइकाकडे जाऊ. मध्य अमेरिकेतली स्पायडर मंकी ही माकडं चिंपांझींसारखीच पांगून राहतात आणि पुन्हा एकत्र येतात. लांब हातपाय, पाचव्या हातासारखी शेपटी, आणि आपल्यापासून वंशावळीत बरीच लांब. मेक्सिकोच्या युकातान भागात फिलिपो ऑरेली आणि कॉलीन शाफनर यांनी त्यांच्या भेटीच्या क्षणांवरच लक्ष केंद्रित केलं. दोन तुकड्या एकमेकींत मिसळल्यानंतरची पहिली काही मिनिटं त्यांनी वेगळी काढून पाहिली. निष्कर्ष 2007 मध्ये आले आणि ते फार सरळ आहेत: एकत्र आल्यावर लगेचच भांडणाचा धोका वाढतो. त्याच मिनिटांत मिठ्याही पडतात. आणि जिथे मिठ्या पडतात तिथे आक्रमकता कमी राहते.

मिठी म्हणजे आपल्यासारखी मिठीच. एकाने दुसऱ्याच्या अंगाभोवती हात टाकायचा आणि नाक त्याच्या छातीला किंवा काखेला लावून हुंगायचं, कारण तिथे गंधाच्या ग्रंथी असतात. मला यात एक गोष्ट विशेष वाटते. हात दुसऱ्याच्या अंगाभोवती असेल तर तो मारायला मोकळा नसतो, आणि नाक दुसऱ्याच्या छातीशी असेल तर आपली मान आणि चेहरा त्याच्या दातांच्या टप्प्यात असतात. मी तुला इजा करणार नाही हे शब्दांवाचून सांगायचं तर यापेक्षा चांगला मार्ग कोणता? स्वतःलाच इजा होऊ शकेल अशा जागी नेऊन ठेवायचं.

हाच विचार एका टोकाला नेऊन ठेवणारे प्राणी म्हणजे बबून या आफ्रिकेतल्या मोठ्या माकडांचे नर. हा भाग थोडा अवघड आहे, पण सभ्यपणाने टाळला तर मुद्दाच निसटेल.

केनियातल्या गिलगिलजवळ एबुरू क्लिफ्स नावाची बबूनांची एक टोळी होती. तिथे बार्बरा स्मट्स आणि जॉन वातानाबे यांनी बारा प्रौढ नरांची सहाशेहून अधिक अभिवादनं नोंदवली. त्यांचा लेख 1990 सालचा. या नरांना कुत्र्याहून लांब सुळे असतात. माद्यांवरून, फळांवरून सतत चुरस चालू असते. हे नर एकमेकांचे केस वेचत नाहीत, एकमेकांना टेकून बसत नाहीत. त्यांच्यातला मैत्रीचा स्पर्श म्हणावा असा जवळजवळ एकच प्रकार असतो, आणि तो म्हणजे हे अभिवादन.

एक नर दुसऱ्याकडे ताठ पायांनी, झपझप, सरळ रेषेत चालत येतो. नजर थेट त्याच्यावर. एरवी असं चालून येणं म्हणजे हल्ला. पण याचे कान डोक्याला चिकटलेले असतात, डोळे बारीक झालेले असतात आणि ओठ भराभर उघडझाप करून चुटचुट वाजत असतात. दुसऱ्यालाही अभिवादन हवं असेल तर तोही तसंच तोंड करतो. मग एकजण मागचा भाग पुढे करतो, दुसरा त्याची कंबर धरतो, कधी वर चढल्यासारखं करतो, आणि काही वेळा हात पुढे नेऊन त्याच्या वृषणांना किंवा लिंगाला स्पर्श करतो. सगळं मिळून काही सेकंद. मग दोघेही लगबगीने दूर होतात.

लांब सुळ्यांच्या एका प्रतिस्पर्ध्याच्या हातात स्वतःचं सगळं वंशसातत्य काही क्षणांपुरतं सोपवायचं, असा हा प्रकार आहे. तो काही करणार नाही याची खात्री कशी? खात्री नसते, तो काही करत नाही, यातूनच ती तयार होते. आमोत्स झहावी या इस्रायली जीवशास्त्रज्ञाने 1977 मध्ये मांडलेली एक कल्पना इथे चपखल बसते: नात्याची परीक्षा घ्यायची तर ते नाते नसल्यास त्रास होईल, असंच काहीतरी दुसऱ्यावर लादून बघावं लागतं. गोड आवाज काढायला काही लागत नाही, म्हणून त्यातून फारसं कळत नाही.

स्मट्स यांच्या नोंदींत तरुण, ऐन उमेदीतल्या नरांची अभिवादनं तणावाची असत आणि त्यांतली बरीचशी मध्येच फिसकटत. एकजण जवळ यायचा, दुसरा फिरायचा, दोघांनाही वर चढणारा व्हायचं असायचं आणि कुणीच पाठ द्यायला तयार नसायचा; शेवटी दोघेही बाजूला व्हायचे. तरी त्याचं रूपांतर खऱ्या मारामारीत क्वचितच व्हायचं. याउलट अ‍ॅलेक्स आणि बॉझ हे दोन वयस्क नर. ताकद उतरणीला लागलेली, पण दोघांची जुनी युती. एकट्याने तरुण नराशी भिडले तर हरतील, दोघे मिळून त्याच्याकडून मादी काढून घेऊ शकत. या दोघांची अभिवादनं सर्वांत सुरळीत होती आणि त्यांत एक विलक्षण गोष्ट होती: ते आळीपाळीने भूमिका घ्यायचे. या वेळी अ‍ॅलेक्सने पाठ दिली, तर पुढच्या वेळी बॉझने.

मला वाटतं, माणसाच्या अभिवादनाकडे जाणारी वाट या दोन म्हाताऱ्या बबूनांच्या जवळून जाते. चिंपांझीचा हुंकार एकेरी आहे. त्यातून ‘तू वर, मी खाली’ एवढंच सांगता येतं. अ‍ॅलेक्स-बॉझचं अभिवादन दुहेरी होतं. त्यात ‘आज तू, उद्या मी’ असं म्हणायची सोय होती. आपण दोघेही एकाच वेळी हात पुढे करतो, दोघेही एकाच वेळी हात जोडतो, ही समानता निसर्गात सहजासहजी सापडत नाही. (बबून आपले पूर्वज नाहीत, हे इथे सांगून टाकलेलं बरं. पूर्वज सापडले नाहीत. एका अडचणीतून निघायला कोणकोणत्या वाटा असू शकतात, तेवढं सापडलं.)

बबूनांच्या जातीतच एक साधी, स्वस्त वाटही आहे. बोट्स्वानातल्या मोरेमी भागात डोरोथी चेनी, रॉबर्ट सायफर्थ आणि जोन सिल्क यांनी मादी बबूनांच्या हळू गुरगुरण्याचा अभ्यास केला. वरच्या क्रमाची मादी एखाद्या लेकुरवाळीकडे तिचं पिल्लू हाताळायला येते. ती जवळ येताना हलकेच गुरगुरली तर पुढे भांडण होण्याची शक्यता कमी, आणि न बोलता आली तर आई बिचकते. त्यांनी लाउडस्पीकर झुडपात लपवून आणखी एक प्रयोग केला. जिने नुकतंच मारलं तिचंच गुरगुरणं मार खाल्लेल्या मादीला ऐकवलं. ते ऐकल्यावर ती मादी मारणारीला जवळ येऊ देई, एरवीइतकी दचकत नसे. भांडण मिटवायला मारणारी स्वतः तिथे नव्हतीही. नुसता तिचा आवाज पुरला.

महाग आणि स्वस्त, अशी ही दोन अभिवादनं. त्यांचं वागणं जवळिकीनुसार उलटसुलट बदलतं, आणि या विषयातलं माझं सर्वांत आवडतं कोडं ते हेच.

राफाएला हेसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदिवासातल्या चिंपांझींच्या आणि त्यांचे सख्खे भाऊबंद असलेल्या बोनोबो वानरांच्या बाराशेहून अधिक संवादांची चित्रफीत तपासली. खेळायला किंवा केस वेचायला सुरुवात करण्याआधी नजरानजर, हातवारे असं काही ‘प्रवेशाचं’ होतं का, ते त्यांना पाहायचं होतं. 2021 मध्ये आलेल्या या अभ्यासात बोनोबोंनी 90 टक्के वेळा आणि चिंपांझींनी 69 टक्के वेळा तसं केलं. शेवटाकडे निरोपासारखं काही करण्याचं प्रमाण तर आणखी जास्त होतं, 92 आणि 86 टक्के. आणि बोनोबोंच्या बाबतीत नातं जितकं जवळचं तितका हा उपचार आखूड. हे आपल्याला लगेच पटतं. जुन्या मित्राला फोन केला की पहिलंच वाक्य ‘अरे, ते काय झालं?’ असतं. ज्याच्याशी औपचारिक संबंध आहेत त्याच्याशी आपण आधी तब्येत, मग हवा, मग काम असे टप्पे घेतो.

पण सेनेगलमधल्या गिनी बबूनांत उलट दिसतं. तिथले नर प्रामुख्याने आपल्या गटातल्यांनाच अभिवादन करतात, आणि ज्याच्याशी जास्त जवळीक, त्याच्याशी अभिवादन जास्त गुंतागुंतीचं, जास्त जोखमीच्या स्पर्शांचं. मैत्री वाढली की इथे उपचार फुगतो.

हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं? माझं उत्तर असं की एक अभिवादन विचारतं, ‘मी जवळ येऊ का?’ आणि दुसरं विचारतं, ‘आपण अजून आहोत ना?’ पहिल्याचं उत्तर आधीच माहीत असेल तर विचारणं आखडतं. दुसऱ्याचं उत्तर जितकं मोलाचं, तितकी त्याची परीक्षा कडक घ्यावी लागते. माणसात दोन्ही आहेत. मित्राला आपण ‘नमस्कार’ म्हणत नाही, पण पाठीत धपका घालतो, शिवी घालून हाक मारतो. परक्याला तशी शिवी घालून बघा.

पक्ष्यांकडे वळताना मी मुद्दाम सावध होतो. पक्षी आणि सस्तन प्राणी यांचा समान पूर्वज तीस कोटी वर्षांहून जुना. चिंपांझी भेटीत वाकतो आणि आपणही वाकतो, यात वारसा असू शकतो. पक्षी वाकतो यात वारसा नाही. तरीही पक्षी इथे कामाला येतात, कारण नातं नसतानाही तेच घडत असेल, तर तो उपाय परिस्थितीने घडवलेला आहे असं म्हणता येतं.

स्कॉटलंडच्या किनाऱ्याबाहेर बास रॉक नावाचा खडक आहे. उन्हाळ्यात तो गॅनेट या पांढऱ्या समुद्रपक्ष्यांनी गजबजून जातो. घरटी इतकी जवळ की शेजाऱ्याची चोच पोचते. ब्रायन नेल्सन 1960 च्या दशकात तिथे राहूनच या पक्ष्यांचा अभ्यास करत होते. गॅनेटच्या जोडीतला एक मासे धरायला जातो, दुसरा घरट्यावर. घरट्याच्या जागेसाठी हे पक्षी रक्त निघेपर्यंत लढतात, आणि जागा राखायची सवय इतकी तीव्र की जो कोणी खाली उतरतो त्याच्यावर चोच चालतेच. आता आपलाच जोडीदार उतरला तर? नर मादीच्या मानेचा चावा घेतो, आणि मादी तोंड बाजूला वळवते. मग दोघे छातीला छाती भिडवून, पंख पसरून, चोचीवर चोच तलवारीसारखी खणखणवत उभे राहतात, मध्येच माना खाली घालतात. बघणाऱ्याला हा प्रेमाचा उमाळा वाटतो. पण त्यातली एकूण एक हालचाल भांडणातून उचललेली आहे. तोच चावा, तीच झुकलेली मान, फक्त आता त्यातून जखम होत नाही.

कलहंसाची गोष्ट तर त्याहून नाटकी. नर एखाद्या परक्यावर धावून जातो, त्याला हाकलतो (कधी कधी हाकलायला तिथे कुणी नसतंही), आणि मग मान लांब, जमिनीशी समांतर ताणून, कर्कश ओरडत मादीकडे परततो. मादीही तशीच मान ताणून त्याच्याबरोबर ओरडते, पिल्लं असली तर तीही सामील होतात. ओस्कार हाइनरोथ यांनी 1911 मध्ये हे पहिल्यांदा नीट टिपलं, पुढे कोनराड लोरेन्झ यांनी त्यावर बरंच लिहिलं. ही ताणलेली मान हल्ल्याची मान आहे. फरक फक्त कोनाचा: ती जोडीदारावर रोखलेली नसते, त्याच्या बाजूने पुढे जाते. आक्रमकता आत साठत जाते आणि कुठून तरी बाहेर काढावी लागते, हे लोरेन्झ यांचं स्पष्टीकरण आज टिकलेलं नाही. पण कोनाचं निरीक्षण टिकलंय, आणि मला ते फार आवडतं. शत्रू आणि सोबती यांच्यातलं अंतर काही अंशांचं.

हे वाचल्यापासून मी लोक एकमेकांकडे चालत येताना बघत राहतो. वाईट सवय आहे. अ‍ॅडम केन्डन आणि अँड्र्यू फर्बर यांनी एका वाढदिवसाच्या मेजवानीतल्या पाहुण्यांचं चित्रण तुकड्यातुकड्यांनी तपासून 1973 मध्ये लिहिलेलं वर्णन आता मला सगळीकडे दिसतं. लांबून नजर मिळते. मान किंवा हात हलतो, भुवया क्षणभर वर जातात. मग दोघे जवळ यायला लागतात आणि, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला हसू आलं, दोघेही नजर काढून घेतात. जमिनीकडे बघतात, केस सारखे करतात, एक हात अंगावरून आडवा नेतात. अगदी जवळ आल्यावर पुन्हा नजर, हसू, आणि मग हस्तांदोलन किंवा मिठी. मधल्या त्या टप्प्यात डोळे का चुकवायचे? टक लावून सरळ चालत येणं हा बहुतेक माकडांत हल्ला असतो. गॅनेट तोंड वळवते, बबून डोळे बारीक करतो, आपण मोबाइल काढून बघतो.

हसण्याचंही तसंच. दात दाखवून, आवाज न करता केलेला चेहरा ऱ्हीसस माकडात शरणागतीची खूण आहे. चिंपांझीत तो मैत्रीकडे झुकतो. यान व्हान होफ यांनी आपल्या स्मिताचं मूळ तिथे शोधलं. आणि हस्तांदोलनानंतर माणसं नकळत आपलाच हात नाकाजवळ नेतात, हे इस्रायलमधल्या नोआम सोबेल यांच्या गटाने छुप्या कॅमेऱ्याने टिपलं, 2015 मध्ये. समोरची व्यक्ती स्त्री असेल आणि आपणही स्त्री, किंवा दोघेही पुरुष, तर हे हुंगणं दुपटीहून वाढतं. स्पायडर मंकी काखेत नाक घालते. आपण तेच हळूच, लपवून करतो, असं म्हणण्याचा मोह होतो. पण एका अभ्यासावर मी एवढी इमारत बांधणार नाही.

करार शिळा होतो, म्हणून अभिवादन, या कल्पनेची एक गमतीची चाचणी रोजच होते. सकाळी कुणाला तरी रीतसर ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. दहा मिनिटांनी तीच व्यक्ती मार्गिकेत पुन्हा समोर. आता काय म्हणायचं? पुन्हा तेच म्हटलं तर वेड्यासारखं, काहीच न म्हटलं तर तुसडेपणाचं. आपण ओठ घट्ट दाबून, भुवया उचलून निभावतो. करार अजून ताजा आहे, पण विरह मात्र घडलाय, तर त्या विरहाच्या मापाचं काहीतरी द्यावं लागतं. तिसऱ्यांदा भेटलो की आपण विनोद करतो.

आता या सगळ्याला न बसणारी गोष्ट. हुंकार, मिठी, गुरगुर, चोचींची लढाई, हे सगळं आपल्यांसाठी आहे. गोंबेतला गोलायथ हा 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला म्होरक्या होता. टोळीतल्या नरांनी त्याला हुंकार दिले असतील, त्याच्याभोवती हात टाकले असतील. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ती टोळी दोन तुकड्यांत विभागली आणि गोलायथ दक्षिणेच्या कहामा तुकडीत गेला. 1975 मध्ये, म्हातारा झालेला असताना, त्याला उत्तरेच्या कासाकेला नरांनी गाठलं आणि इतकं मारलं की तो वाचला नाही. ते सगळे एकमेकांना ओळखत होते. पण ओळख असणं पुरेसं नव्हतं, आपला असणं हवं होतं. 1974 ते 1978 या चार वर्षांत कहामाचे सगळे नर संपले.

म्हणूनच मला वाटतं, आपल्या अभिवादनातला खरा नवा भाग शब्द नाहीत, हात नाहीत. नवा भाग एवढाच की आपण ते अनोळखी माणसालाही देतो. चिंपांझीच्या जगात अनोळखी नर समोर येणं आणि ‘हं-हं’ न म्हणता निभणं शक्यच नाही, आणि म्हणायलाही कुणी थांबत नाही. बर्नार शापे या मानववंशशास्त्रज्ञाने याचं एक कारण सुचवलंय. चिंपांझीची मुलगी वयात येऊन दुसऱ्या टोळीत गेली की तिचे बापभाऊ तिच्यासाठी संपले. माणसात मात्र जोड्या टिकतात, बाप ठाऊक असतो, म्हणून दुसऱ्या टोळीत गेलेली बहीण ही बहीणच राहते आणि तिचा नवरा आपला कुणीतरी होतो. शेजारची टोळी अशा धाग्यांनी बांधली गेली की तिच्यातला प्रत्येक अनोळखी माणूस हा कुणाचा तरी मेहुणा असू शकतो. मारण्याआधी विचारलेलं बरं. मला हे पटतं. सिद्ध झालंय असं मात्र म्हणवत नाही, कारण आवाज आणि हातवारे अश्मीभूत होत नाहीत.

शिवाय बोनोबो मध्ये येतात. काँगोतल्या कोकोलोपोरी राखीव जंगलात एकालाकाला आणि कोकोआलोंगो अशा दोन शेजारी टोळ्या आहेत. लिरान सामुनी आणि मार्टिन झुर्बेक यांनी 2023 मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. या टोळ्या वारंवार भेटतात, एकत्र हिंडतात, आणि टोळीबाहेरच्यांचे केस वेचतात, त्यांना फळं देतात. टोळ्या वेगळ्याच राहतात, भेट संपली की प्रत्येकजण आपापल्यांबरोबर जातो. तिथे मेहुणे नाहीत, कायमच्या जोड्या नाहीत, आणि तरी परक्याशी निभतं.

चिंपांझी आणि बोनोबो हे दोघेही आपल्यापासून सारख्याच अंतरावर आहेत. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी त्यांचा आणि आपला रस्ता वेगळा झाला. तेव्हाचा तो पूर्वज गोलायथला मारणाऱ्यांसारखा होता की कोकोलोपोरीतल्यांसारखा, की दोन्हींपैकी कुणासारखाच नाही, यावर बरंच अवलंबून आहे. पहिल्या प्रकारचा असेल तर परक्याला हात करणं आपण फार उशिरा आणि फार कष्टाने शिकलो. दुसऱ्या प्रकारचा असेल, तर आपल्यात ते आधीपासून होतं, आणि अजब वागणारे चिंपांझी ठरतात. माझा कल रोज बदलतो. वर्तमानपत्र वाचलं त्या दिवशी पहिल्या बाजूला.